एक जूनला जन्मलेले रुग्ण : सोलापुरातल्या एका दवाखान्याने सॉफ्टवेअर कंपनीला लिहिलेलं पत्र

विजापूर रस्त्यावरचा हा दवाखाना. तीन डॉक्टर, मधुमेह आणि रक्तदाबाचे वर्षानुवर्षं येणारे रुग्ण, आणि त्यांच्या सगळ्या नोंदी एकाच सॉफ्टवेअरमध्ये. हे सॉफ्टवेअर सुरुवातीला रिसेप्शनच्या संगणकावर चालायचं, नंतर कंपनीने ते क्लाउडवर नेलं. डॉक्टरांनी दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, जुन्याची वर्गणी ३१ मार्चला संपत होती. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नोंदी भरून देण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून हे प्रकरण जवळून पाहता आलं. दवाखान्याचं आणि दोन्ही कंपन्यांचं नाव इथे देत नाही.

मॅनेजर मॅडमनी जुन्या कंपनीला पहिली मेल केली ती एका ओळीची : आमच्या सर्व पेशंटचा डेटा एक्सेलमध्ये पाठवावा. कंपनीने तो लगेच पाठवला. त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या तयार बटणातून निघालेली एकच लांबलचक सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साध्या मजकुराची फाइल होती. प्रत्येक भेटीला एक ओळ, त्या ओळीत रुग्णाचं नाव, पत्ता, जन्मतारीख, डॉक्टरांची टिप्पणी आणि औषधं. कंपनीने कुणाला फसवलं नव्हतं. मागणीत जे लिहिलं नव्हतं, ते त्यांनी आपल्या सवयीने ठरवून टाकलं, इतकंच.

रिसेप्शनच्या संगणकावर फाइल उघडली, तेव्हा मराठी नावांच्या जागी असं काही दिसत होतं :

```
à¤¸à¥‹à¤²à¤¾à¤ªà¥‚à¤°
```

हा "सोलापूर" आहे. यात काहीही हरवलेलं नाही. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर-चिन्ह `UTF-8` या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि एक्सेल त्या तीन बाइटना तीन वेगळी युरोपीय अक्षरं समजून दाखवतं. फाइलच्या सुरुवातीला "मी `UTF-8` आहे" असं सांगणारी खूण, म्हणजे बीओएम, नसली की डबल क्लिक केल्यावर असं होतं. तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नावं नीट दिसली. बहुतेकांची घाबरगुंडी इथेच उडते, पण हा सगळ्यात निरुपद्रवी दोष.

औषधांच्या रकान्यात `1-0-1` जसंच्या तसं होतं, पण तीन वेळा घ्यायच्या गोळ्यांपुढे `1/1/2001` आलं होतं. एक्सेलला `1-1-1` ही तारीख वाटते. `1-0-1` वाटत नाही, कारण शून्य हा ना दिवस असतो ना महिना. म्हणजे सकाळ-संध्याकाळचे रुग्ण वाचले आणि तीन वेळावाले २००१ सालात गेले.

खरी गंमत जन्मतारखांची होती. मॅडम फाइल खाली सरकवत होत्या आणि एका नेहमीच्या आजींच्या ओळीवर थांबल्या. आजींची जन्मतारीख १ जून, हे त्यांना पाठ होतं. फाइलमध्ये ३१ मे होती. चुकून पडली असेल म्हणून पुढच्या ओळी पाहिल्या, तर ३१ मे वाल्यांची रांगच लागली होती.

आपल्याकडे एका विशिष्ट वयाच्या वरच्या माणसांना विचारा, निम्म्याअर्ध्यांची जन्मतारीख १ जून निघते. शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसे, शाळा जूनमध्ये उघडे, गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. पुढे तीच तारीख दाखल्यावर, तिथून आधारवर आणि तिथून दवाखान्यात आली. म्हणून कुठल्याही दवाखान्याच्या यादीत १ जूनला एक भला मोठा ढीग असतो. तो ढीग ३१ मे ला सरकला असेल, तर गावाने एकमताने जन्मतारीख बदललेली नसते. तारखा एका दिवसाने मागे गेलेल्या असतात.

कारण असं. क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरने जन्मतारीख नुसती तारीख म्हणून न ठेवता तारीख आणि वेळ अशी ठेवली होती. १ जून १९७८ म्हणजे त्या दिवशीची मध्यरात्र. सर्व्हर ती वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत लिहितो. भारत तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे, म्हणून सर्व्हरवरची नोंद होते `1978-05-31 18:30`. पडद्यावर दाखवताना सॉफ्टवेअर साडेपाच तास परत मिळवतं, त्यामुळे दवाखान्यात रोज १ जूनच दिसत होती. फाइल काढणाऱ्या बटणाने ते न मिळवता सरळ वेळ कापली आणि उरली ३१ मे. भेटींच्या वेळांतही हेच झालं होतं. फाइलवर विश्वास ठेवायचा तर हा दवाखाना पहाटे साडेचारला ओपीडी उघडत होता.

एक दिवसाने काय बिघडतं, असं कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं होतं. ज्यांना जन्मतारीख माहीत नसते त्यांचं वय विचारून सॉफ्टवेअर त्या सालाची १ जानेवारी भरतं. ती एक दिवस मागे गेली की ३१ डिसेंबर होते, म्हणजे सालच बदलतं. शिवाय नाव आणि जन्मतारीख जुळवून दुबार नोंदी शोधायच्या, तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा नोंदवलेला रुग्ण आणि जुन्या फाइलमधला तोच रुग्ण कधीच जुळणार नाहीत.

मग मॅडमनी पत्र लिहिलं. मसुदा त्यांचा, स्तंभांची नावं आणि काही तांत्रिक तपशील मी सुचवले. ओळख पटेल असा मजकूर वगळून ते इथे पूर्ण देतो.

दि. ५ फेब्रुवारी

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दवाखान्याच्या संपूर्ण नोंदी ठरावीक स्वरूपात मिळण्याबाबत.
संदर्भ : आपण दि. २९ जानेवारी रोजी पाठवलेली फाइल.

महोदय,

संदर्भातील फाइल मिळाली. तीत जन्मतारखा एक दिवस मागे आल्या आहेत आणि भेटींच्या वेळा साडेपाच तास मागे आहेत. ती आम्ही वापरू शकत नाही. सुधारित फाइली कशा हव्यात ते खाली दिले आहे. एखादी गोष्ट आपल्याकडे त्या स्वरूपात साठवलेली नसल्यास आपण स्वतः पर्याय न निवडता आम्हाला लेखी कळवावे.

१. एका मोठ्या फाइलीऐवजी तीन फाइली द्याव्यात : `patients.csv`, `visits.csv` आणि `rx.csv`. रुग्ण एका ओळीत एकदाच यावा. भेट रुग्णाशी `patient_id` ने आणि औषध भेटीशी `visit_id` ने जोडलेले असावे. पहिल्या ओळीत स्तंभांची नावे याच क्रमाने व याच स्पेलिंगने असावीत :

```
patient_id,opd_no,name_mr,name_en,sex,dob,dob_type,registered_on,mobile,address,village,taluka
visit_id,patient_id,visit_at,doctor,bp_sys,bp_dia,weight_kg,notes
rx_id,visit_id,drug,strength,dose_m,dose_n,dose_e,days
```

`opd_no` आमच्या केसपेपरवरील क्रमांक आहे. त्यातील सुरुवातीची शून्ये राहिली पाहिजेत. `000457` व `457` हे आमच्याकडे दोन वेगळे रुग्ण आहेत, कारण जुन्या व नव्या केसपेपरची मालिका वेगळी आहे. `dose_m`, `dose_n`, `dose_e` म्हणजे सकाळ, दुपार, रात्र. प्रत्येकी एक संख्या, अर्धी गोळी `0.5`. `1-1-1` असे एकत्र लिहू नये. रक्तदाबाचे दोन आकडे दोन स्तंभांत द्यावेत. आधार क्रमांक कोणत्याही फाइलीत नसावा.

२. तारीख सर्वत्र वर्ष-महिना-दिवस अशी, चार अंकी वर्षासह लिहावी. `dob` मध्ये वेळ नसावी. `visit_at` मध्ये भारतीय वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने असावी व शेवटी फरक लिहावा.

```
dob       1978-06-01
visit_at  2023-11-14T10:05:00+05:30
```

अंक इंग्रजीच असावेत. `१९७८` असे देवनागरी अंक फाइलीत नकोत. जन्मतारीख वयावरून भरलेली असल्यास `dob_type` मध्ये `age`, रुग्णाने सांगितलेली असल्यास `exact`, माहीत नसल्यास `dob` रिकामे व `dob_type` मध्ये `unknown` द्यावे. माहीत नसलेल्या तारखेच्या जागी `1900-01-01` किंवा तत्सम काहीही भरू नये.

३. फाइली `UTF-8` मध्ये, बीओएमसह असाव्यात. देवनागरी मजकूर आहे तसा यावा, लिप्यंतर करू नये. जोडणारी अदृश्य चिन्हे (`U+200D`) काढून टाकू नयेत, अन्यथा "वऱ्हाडे", "गोऱ्हे" यांसारखी काही नावे बिघडतात. ज्या नोंदीत मूळ साठ्यातच `?` आले असतील त्यांची यादी स्वतंत्र द्यावी.

४. प्रत्येक मजकूर दुहेरी अवतरणात असावा, कारण पत्त्यांत स्वल्पविराम आहेत. मजकुरातच दुहेरी अवतरण असल्यास ते दोनदा लिहावे. डॉक्टरांच्या टिप्पणीतील ओळीचा बदल तसाच ठेवावा, तो अवतरणाच्या आत असल्याने चालतो. माहिती नसल्यास जागा रिकामी ठेवावी. `NA`, `NULL`, `0` किंवा `-` लिहू नये.

```
"P0012","000457","नमुना वऱ्हाडे","Namuna Varhade","F",1978-06-01,"exact",2014-08-02,"0000000000","घर नं. 12, ""मातोश्री""","होटगी","दक्षिण सोलापूर"
```

५. फाइल डेटाबेसमधून निघाल्यापासून आमच्याकडे येईपर्यंत ती एक्सेलमध्ये उघडून साठवू नये.

६. संपूर्ण फाइलींपूर्वी सोबतच्या यादीतील रुग्णांची चाचणी फाइल द्यावी. आम्ही ती केसपेपरशी ताडून लेखी मान्यता दिल्यावरच संपूर्ण फाइली काढाव्यात. त्यासोबत प्रत्येक फाइलीतील ओळींची संख्या, पहिल्या व शेवटच्या भेटीची तारीख आणि प्रत्येक फाइलीचा `SHA256` द्यावा. फाइली पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये द्याव्यात, पासवर्ड फोनवर कळवावा.

चाचणी फाइल २० फेब्रुवारीपर्यंत व संपूर्ण फाइली १५ मार्चपर्यंत मिळाव्यात, ही विनंती. आमची पोच येईपर्यंत आपल्याकडील मूळ नोंदी काढून टाकू नयेत.

आपली विश्वासू,
व्यवस्थापक

पत्राच्या सुरुवातीचं एक वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं : स्वतः पर्याय न निवडता लेखी कळवावे. स्वरूप कितीही बारकाईने लिहिलं तरी साठवलेल्या डेटात काय दडलंय ते दवाखान्याला माहीत नसतं. ते कंपनीच्या प्रोग्रामरला दिसतं आणि तो बिचारा काम पुढे सरकावं म्हणून काहीतरी ठरवून टाकतो. पत्रानंतर दोन फोन आले, पहिला त्या वाक्यामुळेच, आणि दोन्ही कामाचे निघाले.

पहिला फोन `dob_type` बद्दल होता. कंपनीचा मुलगा म्हणाला, "मॅडम, वयावरून भरलंय की सांगितलंय, हे आम्ही क्लाउडवर आल्यापासूनच ठेवतो. आधीच्या पेशंटना ती खूणच नाही." त्यावर ठरलं की जुन्या नोंदींत हा रकाना रिकामा सोडायचा. तो १ जानेवारीवरून अंदाजाने भरून द्यायची तयारी त्याने दाखवली होती. मॅडमनी नको म्हटलं. अंदाज बांधायचाच असेल तर तो दवाखान्यात बांधू, फाइलमध्ये नको. मला हे पटलं, कारण फाइलमध्ये एकदा `age` लिहिलं की ते कुणी ठरवलं हे पुढे कुणालाच कळत नाही.

दुसरा फोन बीओएमचा होता, पण तो नव्या कंपनीकडून आला. त्यांच्या आयात करणाऱ्या प्रोग्रामला बीओएम कळत नव्हता. फाइलचे पहिले तीन बाइट तो स्तंभाच्या नावातच धरायचा आणि मग "`patient_id` नावाचा स्तंभ सापडला नाही" म्हणून अडायचा, तेही तो स्तंभ डोळ्यांसमोर असताना. त्यांनी आपला प्रोग्राम दुरुस्त केला. बीओएम हवा की नको याला एकच उत्तर नाही. फाइल फक्त यंत्राकडून यंत्राकडे जाणार असेल तर नसलेला बरा; रिसेप्शनवर कुणी डबल क्लिक करणार असेल तर असलेला बरा. इथे डबल क्लिक होणारच होतं.

चाचणीच्या यादीत मॅडमनी अवघड रुग्ण मुद्दाम निवडले होते. १ जूनचे काही क्लाउडच्या आधीचे, काही नंतरचे. नावात "ऱ्ह" असलेले. इमारतीचं नाव अवतरणात लिहिलेला पत्ता. शून्यांनी सुरू होणारा ओपीडी क्रमांक. तीन वेळा गोळी घेणारा मधुमेही. २५ तारखेला जन्मलेली एक मुलगी, ते का ते पुढे कळेल. या प्रत्येकाचा केसपेपर काढून बाजूला ठेवला.

"ऱ्ह" बद्दल थोडं थांबायला हवं. वऱ्हाडे मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात `U+0931` हे वेगळं अक्षर आणि हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि शेवटी `U+200D` ही अदृश्य खूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. "अनावश्यक चिन्हं" साफ करणाऱ्या प्रोग्रामने ती खूण काढली की दुसऱ्या प्रकारचं नाव "वर्हाडे" होतं. आणि साफ केलं नाही तरी शोधताना एक प्रकार टाइप केला तर दुसरा सापडत नाही. फाइलमध्ये जसं आहे तसं घ्यायचं आणि दोन प्रकार एकसारखे करण्याचं काम आयात करताना, एका ठिकाणी, नोंद ठेवून करायचं, तसंच केलं.

चाचणी फाइल वेळेत आली. क्लाउडनंतरचे १ जूनवाले रुग्ण आता १ जूनलाच होते, ओपीडी सकाळी दहाला उघडत होती, गोळ्या तीन रकान्यांत होत्या. पण क्लाउडच्या आधीचे १ जूनवाले सगळेच्या सगळे ६ जानेवारीला जन्मले होते. आणि त्या २५ तारखेच्या मुलीचा `dob` रिकामा होता.

दिवस आणि महिना उलटले की १ जून, `01/06`, याची ६ जानेवारी होते. १ जानेवारीची मात्र १ जानेवारीच राहते. उलटून काही कळत नाही. म्हणून या दोषाला १ जूनचा ढीगच पकडतो. रिकाम्या जागा त्याच दोषाची दुसरी खूण आहेत, कारण पंचवीसावा महिना नसतो. जुन्या रुग्णांत १२ च्या वरची एकही तारीख नसणं आणि रिकाम्या जन्मतारखा भरपूर असणं, हे दोन्ही एकत्र दिसलं की शंका घ्यायला जागा राहत नाही.

कंपनीने कारण शोधून सांगितलं. रिसेप्शनच्या संगणकावरच्या जुन्या आवृत्तीत जन्मतारीख मजकूर म्हणून, `01/06/1978` अशी साठवली जायची. क्लाउडवर नेताना ती वेगळ्या रकान्यात तशीच ठेवली आणि फाइल काढण्याच्या नव्या स्क्रिप्टने तिची तारीख केली. त्यांच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला क्रम सांगितला नाही, तर त्याची भाषा अमेरिकन इंग्रजी असताना तो महिना आधी धरतो. जिथे जमत नाही तिथे `TRY_CONVERT` गुपचूप रिकामं सोडतं, चूक दाखवत नाही. दुरुस्ती एका आकड्याची होती :

```sql
-- आधी
TRY_CONVERT(date, dob_text)
-- नंतर : 103 म्हणजे दिवस/महिना/वर्ष
TRY_CONVERT(date, dob_text, 103)
```

म्हणजे एकाच रकान्यात दोन काळांच्या दोन वेगळ्या चुका होत्या, आणि पहिली दुरुस्त करताना दुसरी बाहेर आली. चाचणीला फक्त अलीकडचे रुग्ण घेतले असते तर अर्ध्या दवाखान्याच्या जन्मतारखा चुकीच्या भरल्या गेल्या असत्या. त्यातून ६ जानेवारी ही दिसायला अगदी साधी, बरोबर वाटणारी तारीख.

संपूर्ण फाइली मार्चच्या मध्याला आल्या. तपासणी मॅडमनी रिसेप्शनवरच केली. आधी फाइल वाटेत बदललेली नाही ना, ते विंडोजच्या आज्ञेने पाहिलं आणि आलेला `SHA256`, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी अक्षर-आकड्यांची ओळ, कंपनीने दिलेल्याशी ताडला :

```
certutil -hashfile patients.csv SHA256
```

नोटपॅडमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात `UTF-8 with BOM` दिसतंय याची खात्री केली. मग फाइलची एक प्रत एक्सेलमध्ये उघडली. प्रतच, मूळ नाही, कारण एक्सेल शून्यं खातं आणि जुन्या साध्या सीएसव्ही पर्यायाने साठवलं तर देवनागरीची प्रश्नचिन्हं करतं. शेवटच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढलं आणि त्यावर पिव्होट टेबल करून प्रत्येक दिवशी जन्मलेले रुग्ण मोजले, जास्त संख्या वर :

```
=TEXT(F2,"mm-dd")
```

सगळ्यात वर `06-01` आणि त्याखाली `01-01`. `05-31`, `12-31` आणि `01-06` हे इतर कुठल्याही दिवसासारखे, मूठभर. ओळींची संख्या कंपनीच्या पत्राशी जुळली. `visits.csv` मधला प्रत्येक `patient_id` हा `patients.csv` मध्ये आहे का ते मी तपासलं. काही थोड्या भेटी अनाथ निघाल्या, त्या सॉफ्टवेअरमधून कधीकाळी काढून टाकलेल्या रुग्णांच्या होत्या. त्या आयात केल्या नाहीत, फाइल मात्र जपून ठेवली.

राहिली प्रश्नचिन्हांची यादी. कंपनीने ती प्रामाणिकपणे दिली, आणि ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती. जुन्या आवृत्तीत डॉक्टरांच्या टिप्पणीचा रकाना देवनागरी न सामावणाऱ्या प्रकारचा होता. मराठीत टाइप केलेलं प्रत्येक चिन्ह साठवतानाच `?` झालं. सुरुवातीला दिसलेली ती युरोपीय अक्षरं परत मराठी करता येतात, कारण बाइट शाबूत असतात. इथे बाइटच राहिलेले नाहीत. इंग्रजीतली औषधांची नावं आणि मोकळ्या जागा तेवढ्या टिकतात, म्हणून ओळ अशी दिसते :

```
??? Metformin ??? ????
```

हे "रोज Metformin घेत नाही" असू शकतं आणि तितक्याच चिन्हांचं, नेमकं उलट अर्थाचं दुसरं काहीही असू शकतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये या ओळी तशाच भरल्या तर घाईत असलेल्या डॉक्टरांच्या नजरेला फक्त मेटफॉर्मिन पडेल. मॅडमनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, टिप्पणीच्या रकान्यात घालू नका. मग या भेटींच्या टिप्पणीत ती प्रश्नचिन्हं न घालता तिथे "जुना मजकूर वाचता येत नाही, केसपेपर पाहावा" असं एक वाक्य भरलं. मूळ प्रश्नचिन्हांची फाइल दवाखान्याच्या कपाटात पेनड्राइव्हवर आहे, आणि त्या रुग्णांचे कागदी केसपेपर रद्दीत जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर लाल शाईने ओपीडी क्रमांक पुन्हा लिहून घेतले आहेत.